मसाल्याच्या पाकिटावरची टॅगलाइन: ट्रेडमार्क मिळेल आणि आधी कुणाची नसेल अशी कशी निवडायची?

ठसका_सातारा
नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमची मसाल्यांची भागीदारी फर्म आहे. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं असा माल आहे. ब्रँडच्या नावाची नोंदणी झालेली आहे. आता पाकिटं नव्याने छापायची आहेत आणि त्यावर एक टॅगलाइन हवी आहे. तिचीही नोंदणी करायचा विचार आहे. चार ओळी निवडल्या आहेत:

१) आजीच्या हातची चव
२) अस्सल सातारी ठसका
३) एक चमचा पुरे
४) शेजारी विचारणारच!

घरात सगळ्यांचं मत पहिलीला आहे. २०,००० पाकिटांची ऑर्डर द्यायची आहे, त्यामुळे नंतर बदलणं परवडणार नाही. कोणती घ्यावी, आणि ती आधी कुणी वापरत नाही हे नीट कसं तपासावं?

रंगरेषा
पहिलीच घ्या. गिऱ्हाईक मसाला भावनेवर घेतं. नोंदणीची काळजी नको. आजीचं चित्र, हाताने काढलेली अक्षरं असा लोगो करून अर्ज टाका. नुसत्या शब्दांना नकार येतो, चित्रासकट अर्ज बहुतेक वेळा पास होतो.

नोंदवही
रंगरेषा, पास होतो हे खरं आहे, पण मिळतं काय ते बघा. चित्रासकट नोंदणी झाली की संरक्षण त्या एकूण मांडणीला असतं. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १७ मध्ये स्पष्टच म्हटलंय की हक्क पूर्ण चिन्हावर असतो, त्यातल्या सामाईक किंवा सर्वसाधारण भागावर वेगळा हक्क मिळत नाही. उद्या शेजारच्या तालुक्यातल्या कुणी साध्या अक्षरात 'आजीच्या हातची चव' छापलं तर तुम्ही त्याला काही करू शकणार नाही. प्रमाणपत्र भिंतीवर लावायला मिळेल, एवढंच.

ठसका, आता तुमची पहिली ओळ. मॉलमधल्या मसाले-लोणची-पापडाच्या मांडणीसमोर उभे राहून पाकिटं वाचा. आजी, आई, घरची चव, आठवणीतली चव, परंपरा, गावरान हे शब्द आलटून पालटून दिसतील. कायद्यात नकाराची तीन कारणं शेजारी शेजारी आहेत आणि ही ओळ तिन्हीत सापडते. एकतर तिच्यावरून माल कुणाचा ते कळत नाही. दुसरं, ती मालाचा गुण सांगते. तिसरं, त्या धंद्यात ती सगळेच बोलतात. कलम ९(१) मधले अ, ब, क. अर्ज तपासून ट्रेडमार्क कार्यालय जो परीक्षण अहवाल देतं त्यात हेच आकडे येतात.

दुसऱ्या ओळीत तर तीन शब्दांत तीन अडचणी. 'सातारी' म्हणजे ठिकाण, 'ठसका' म्हणजे मालाचा गुण, आणि 'अस्सल' हा शब्द ट्रेडमार्कपेक्षाही एफएसएसएआयच्या बाजूने त्रास देईल. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबाबतच्या २०१८ च्या नियमांत नॅचरल, फ्रेश, ट्रॅडिशनल, ऑथेंटिक असल्या विशेषणांबद्दल तरतूद आहे. अशी विशेषणं ब्रँडनावात किंवा ट्रेडमार्कमध्ये असतील आणि त्यामुळे ग्राहकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर 'हे फक्त ब्रँडनाव किंवा ट्रेडमार्क आहे, मालाचं खरं स्वरूप दाखवत नाही' अशा अर्थाचा खुलासा लेबलवर किमान ३ मि.मी. अक्षरात द्यावा लागतो. 'अस्सल' लिहून खाली असा खुलासा छापायचा म्हणजे ओळीची सगळी ताकद गेली.

कोपऱ्यावरची_खानावळ
माझाही हाच प्रश्न आहे. आम्ही पाटीवर 'घरगुती जेवण' लिहितो. समोरच्याने नवीन खानावळ काढून तेच लिहिलं. आमची पाटी कितीतरी जुनी. त्याला नोटीस पाठवता येईल ना? ट्रेडमार्क नंबर ४३ मध्ये येतो असं कुणीतरी सांगितलं.

नोंदवही
वर्ग ४३ बरोबर आहे, खानावळी-उपाहारगृहांची नोंदणी त्याच वर्गात होते, पण नोटीस पाठवू नका. 'घरगुती जेवण' ही त्या धंद्याची पाटी आहे, कुणा एकाची ओळख नव्हे. तुमची पाटी जुनी आहे म्हणून ती तुमची होत नाही. समोरच्याने तुमच्या खानावळीचं नाव किंवा रंगसंगती उचलली असेल तर ती वेगळी गोष्ट. तसं असेल तर नवा धागा काढा, फोटो टाका.

मुद्रितशोधक
चौथी ओळ वाचल्यावर पटकन ओनिडा टीव्हीची जाहिरात आठवली, 'नेबर्स एन्व्ही, ओनर्स प्राइड'. तो शिंगवाला सैतान. कल्पना तीच आहे की, शेजाऱ्याला हेवा वाटतो. मग ही चोरी होणार नाही का?

नोंदवही
नाही. शेजाऱ्याला हेवा वाटणं ही कल्पना कुणाची मालमत्ता नाही. शब्द, त्यांचा एकत्र ठसा आणि माल कोणता हे बघितलं जातं. तिथे टीव्ही, इथे मसाला. तिथे हेवा, इथे खमंग वासाने शेजारी दार वाजवतो. गिऱ्हाईक गोंधळेल असं काहीच नाही.

आणि म्हणूनच मला चौघींत ही ओळ सरस वाटते. तिच्यात चव, मसाला, तिखट, घर, आई, आजी यांतलं काहीच नाही. वाचणाऱ्याला मनात एक पायरी चढावी लागते: शेजारी काय विचारणार? 'आज काय केलंय?' मग मसाला आठवतो. मालाचं वर्णन थेट करणारी ओळ आणि अशी आडून सांगणारी ओळ, या दोन्हींत परीक्षक फरक करतो. एक कसोटी म्हणून बघा: ती ओळ प्रतिस्पर्ध्याच्या पाकिटावर चिकटवा. 'आजीच्या हातची चव' कुठेही बसते आणि कुणालाही आपल्या मालाबद्दल तेवढं सांगायचा हक्क असायलाच हवा. 'शेजारी विचारणारच!' न वापरता कुणाही मसालेवाल्याचं काही अडत नाही. जी ओळ इतरांना लागतच नाही, ती एकाला देण्यात कार्यालयाला अडचण वाटत नाही.

रंगरेषा
पण तिसरी? 'एक चमचा पुरे'. तीनच शब्द, लहान, लक्षात राहणारी. आडून सांगणारीही आहे, मसाला कडक आहे हे थेट म्हटलेलं नाही.

नोंदवही
लहान आहे हे चांगलंच, पण लहान असणं ही कसोटी नाही. कायद्यात मालाचा प्रकार, दर्जा, प्रमाण, उपयोग सांगणाऱ्या शब्दांना मनाई आहे. 'एक चमचा पुरे' हे तर प्रमाणच झालं. पाकिटाच्या मागे कृती छापतात त्यात हेच वाक्य असतं: पाव किलो भाजीला एक चमचा पुरे. उद्या दुसऱ्याने तसं छापलं तर तो सरळ म्हणेल, मी वापरायची पद्धत सांगतोय. आणि त्याचं म्हणणं टिकेल.

नोंदणी होऊनही अशा ओळी कामाला येत नाहीत याचं एक उदाहरण देतो. गेटोरेड पेयाच्या कंपनीकडे 'रीहायड्रेट रिप्लेनिश रीफ्युएल' या शब्दांची नोंदणी होती. हाइन्झने ग्लुकॉन-डी आयसोटोनिकवर 'रीहायड्रेट्स फ्लुइड्स, रिप्लेनिशेस व्हायटल सॉल्ट्स, रीचार्जेस ग्लुकोज' असं छापलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०१० साली मनाईहुकूम मिळाला नाही. कारण, ते शब्द पेय शरीरात काय करतं तेच सांगतात, आणि मालाचं प्रामाणिक वर्णन करायची मोकळीक कायद्यानेच दिलेली आहे. नोंदणी हातात असून ओळ थांबवता आली नाही.

अक्षरधन
ट्रेडमार्कच्या भानगडीत कशाला पडता? ओळ तुम्ही लिहिली ना, मग कॉपीराइट आपोआप तुमचा. फार तर कॉपीराइटची नोंदणी करा, स्वस्त पडते.

सनदी_पुणे
दोन-तीन शब्दांच्या ओळीवर कॉपीराइटचा भरवसा धरू नका. पेप्सीने 'ये दिल मांगे मोर' या ओळीवर कॉपीराइट सांगितला होता, कोका-कोलाविरुद्धच्या दाव्यात. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये प्रथमदर्शनी तो मानला नाही. एवढ्या गाजलेल्या ओळीची ही गत. लेबलचं चित्र, त्यावरची सजावट यांना कॉपीराइट मिळू शकतो. ओळीला मात्र ट्रेडमार्क किंवा वापरातून कमावलेली ओळख, हेच दोन आधार आहेत.

नोंदवहींशी मी बरीचशी सहमत आहे, एक गोष्ट सोडून. 'शेजारी विचारणारच!' वर आक्षेप येणार नाही असं गृहीत धरू नका. ही जाहिरातीची ओळ आहे, तिच्यावरून माल कुणाचा ते कळत नाही, असं म्हणून परीक्षक ९(१)(अ) लावू शकतो. टॅगलाइनच्या अर्जांत हा आक्षेप नेहमीचा आहे. अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. उत्तर पटलं नाही तर सुनावणी होते. तेवढी मनाची आणि खिशाची तयारी ठेवा.

ठसका_सातारा
खूप उपयोगी. मी ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवरच्या पब्लिक सर्चवर चारही ओळी टाकून बघितल्या. एकाही ओळीला काही निकाल आला नाही. म्हणजे मोकळ्या आहेत ना?

नोंदवही
नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. अख्खी ओळ देवनागरीत टाकली की निकाल शून्यच येणार. मराठी चिन्हांची नोंद तिथे बऱ्याचदा रोमन अक्षरात असते आणि स्पेलिंग ज्याने त्याने आपल्या मनाने केलेलं असतं. ओळीचा कणा असलेला शब्द घ्या आणि त्याचे तुकडे शोधा. तुमच्या ओळीत तो शब्द 'शेजारी'. Wordmark मध्ये Contains निवडून क्रमाने हे टाका:

```
SHEJARI
SHEJAAR
SHEZARI
SHEJ
PADOSI
PADOSEE
NEIGHBO
```

शेवटचे तीन का? कारण अर्थाने तीच असलेली हिंदी किंवा इंग्रजी ओळ आधीची असेल तर तीही तुमच्याविरुद्ध दाखवली जाऊ शकते. NEIGHBO अर्धवट ठेवलंय ते मुद्दाम, दोन्ही स्पेलिंग त्यात येतात. मग हेच शब्द Phonetic मध्ये टाका. शोध एका वेळी एकाच वर्गात चालतो. म्हणून आधी ३०, कारण मसाले तिथे. मग २९, कारण लोणचं तिथे. शिवाय ३५ मध्ये दुकानदारी आणि ४३ मध्ये खानावळी, उपाहारगृहं. 'विचार' हा शब्दही VICHAR म्हणून एकदा फिरवा, निकाल पुष्कळ येतील, पण ३० आणि २९ मध्ये डोळ्याखालून घालण्याइतकेच असतील.

निकाल आला की नुसतं नाव बघून सोडू नका. ओळ उघडा, स्थिती वाचा, माल कोणता लिहिलाय ते वाचा, आणि वापर कधीपासून सांगितलाय ती तारीख. Objected दिसलं म्हणजे तो मेला असं नव्हे, तो अर्ज अजून जिवंत आहे आणि तुमच्या आधीचा आहे. Abandoned दिसलं तरी माणसाने अर्ज सोडलाय, ओळ सोडलीय असं नाही. तो बाजारात ती रोज छापत असेल.

अजून एक. 'आजी', 'घरची चव' असल्या टॅगलाइनचे नाकारलेले अर्ज दिसले की त्यांचा परीक्षण अहवाल उघडून वाचा. ही कागदपत्रं सगळ्यांना बघता येतात. परीक्षक कोणत्या शब्दावर बोट ठेवतो आणि कशाला सोडतो, हे दहा-बारा अहवाल वाचले की अंगवळणी पडतं.

सनदी_पुणे
आणि नोंदवहीबाहेरचा बाजार, म्हणजे सरकारी नोंदवहीबाहेरचा. नोंदणी न करता आधीपासून ओळ वापरणाऱ्याचा हक्क आपल्या कायद्यात मजबूत आहे. तुमची नोंदणी झाली तरी तुमच्या वापराच्या आणि तुमच्या नोंदणीच्याही आधीपासून जो सतत वापरतोय त्याला तुम्ही रोखू शकत नाही. उलट त्याची तिथे ओळख झाली असेल तर तोच तुमच्यावर दावा लावू शकतो. म्हणून ॲमेझॉन, बिगबास्केट, ब्लिंकिटवर मसाल्यांची पाकिटं मोठी करून मागची-पुढची बाजू वाचा. छोट्या धंद्यांसाठी इन्स्टाग्राम आणि फेसबुक. बचत गटांचा माल या कुठल्याच यादीत नसतो, तो महालक्ष्मी सरस किंवा भीमथडी जत्रेत दिसतो. तिथले फलक फोटोत का होईना, बघा. आणि जे जे शोधलं त्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. ओळ प्रामाणिकपणे निवडली हे नंतर दाखवावं लागलं तर तेच उपयोगी पडतं.

रंगरेषा
मी पहिल्या ओळीचा हट्ट सोडतो. छपाईबद्दल मात्र सांगायलाच हवं. एवढी पाकिटं ग्रॅव्ह्युअरवर छापणार असाल तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरतात. टॅगलाइन चार रंगांच्या चित्रात मिसळली आणि पुढे शब्द बदलावा लागला तर चारही सिलिंडर नव्याने. ती ओळ एकाच सपाट रंगात, पांढऱ्या किंवा लाल पट्टीवर, चित्रापासून वेगळी ठेवा. बदलायची वेळ आली तर एका सिलिंडरवर भागेल. अर्जाचं निश्चित नसेल तर पहिली खेप डिजिटल छपाईची थोडीच घ्या. दर पाकिटामागे जास्त पडतो, पण सिलिंडरचा खर्च वाचतो.

ठसका_सातारा
हे कुणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद. आता अर्जाबद्दल. ओळीच्या आधी ब्रँडचं नाव जोडून अर्ज केला तर लवकर मिळेल असं आमचे सीए म्हणतात. तसं करू का? आणि खर्च किती?

नोंदवही
लवकर नाही म्हणता येणार, सोपं जाईल हे खरं. ब्रँडचं नाव आधीच तुमच्या नावावर आहे, त्यामुळे आक्षेपाला जागाच कमी. पण मग हक्क नाव आणि ओळ मिळून जे होतं त्यावर. नाव वगळून कुणी फक्त ओळ उचलली तर तुमचा हात दुबळा पडतो. माझं मत: ओळ एकटी, शब्दचिन्ह म्हणून, देवनागरीत. शब्दांचा उच्चार आणि अर्थ अर्जात नीट लिहा.

फॉर्म टीएम-ए, ऑनलाइन. एका वर्गाला ४,५०० रुपये, हा दर व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी. तुमची भागीदारी फर्म आहे, म्हणजे उद्यम प्रमाणपत्र जोडलं तरच हा दर, नाहीतर ९,००० रुपये. वर्ग ३० आणि २९ दोन्ही घेतले तर दुप्पट.

सनदी_पुणे
मी ओळ एकटी आणि नावासकट असे दोन अर्ज करायला सांगेन. एकटी अडकली तर दुसरी हातात राहते. नोंदवहींना हा खर्च वायफळ वाटेल.

नोंदवही
वायफळ नाही, पण छोट्या फर्मसाठी मी आधी वर्ग ३० मध्ये एकटी ओळ घेईन आणि अहवाल आल्यावर ठरवेन. नावाचं संरक्षण तसंही आहेच. यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही मते सारखी असेल: वापराचा पुरावा. अजून ओळ छापलेली नाही, म्हणून अर्जात 'वापरण्याचा इरादा' असंच लिहा. मागची तारीख टाकायचा मोह आवरा. आधीचा वापर सांगितला की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे द्यावे लागतात, आणि तिथे बऱ्याच जणांची बिलं निरुपयोगी ठरतात, कारण बिलावर ब्रँडचं नाव असतं, ओळ कुठेच नसते. आजपासून बिलाच्या डोक्यावर, दरपत्रकावर, खोक्यावर, जाहिरातीत ओळ तीच ठेवा. 'विचारणारच', 'विचारतीलच', 'विचारतातच' असं दर वेळी बदललं तर पुरावा तीन ओळींत वाटला जातो. उद्गारचिन्हासकट एक रूप ठरवा. पाकिटावर ती नावाजवळ, स्वतंत्र, शेजारी टीएम लिहून. मागच्या बाजूला परिच्छेदात पुरली तर ती वर्णनासारखी दिसते. ® मात्र प्रमाणपत्र आल्याशिवाय छापू नका, नोंदणी नसताना तसं दाखवणं कायद्याने चालत नाही.

मुद्रितशोधक
अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर कुणी हरकत घेऊ शकतो ना?

सनदी_पुणे
हो, प्रसिद्ध झाल्यापासून चार महिने. तोपर्यंत कुणी आलं नाही तर नोंदणी, आणि ती अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालते. म्हणूनच छपाईच्या आधी अर्ज टाका, दिवस तिथूनच मोजले जातात.

ठसका_सातारा
दोन दिवस शोधलं. वर्ग ३० आणि २९ मध्ये SHEJ वर जे आलं ते दुकानांची आणि माणसांची नावं, ओळ म्हणून काही नाही. हिंदीतही काही सापडलं नाही. पण इन्स्टाग्रामवर नाशिककडचा एक केटरर सापडला, त्याच्या एका पोस्टवर 'शेजारी विचारतात!' असं मोठ्या अक्षरात आहे. आता?

नोंदवही
त्याची सगळी पोस्ट बघा. एकदाच लिहिलंय की प्रत्येक पोस्टवर, गाडीवर, मेनूकार्डावर आहे? सगळ्यात जुनी तारीख कोणती? एकच पोस्ट असेल तर ती जाहिरातीतली एक वाक्यरचना आहे, त्याची ओळख नव्हे. सगळीकडे असेल तर विचार करावा लागेल. त्याचा वर्ग ४३, तुमचा ३०, पण जेवण आणि मसाला हे जवळचे धंदे आहेत. केटररनी आपला मसाला पाकिटात भरून विकणं काही नवीन नाही.

रंगरेषा
सरळ फोन करून विचारा ना. तो काही मसाला विकत नाही, परवानगी लिहून घ्या.

सनदी_पुणे
अर्ज टाकण्याआधी फोन नको. तुमची ओळ त्याला कळेल आणि तोच अर्ज टाकेल. शिवाय परवानगी मागणं म्हणजे त्याचा हक्क तुम्ही मान्य केलात असा अर्थ पुढे काढला जाऊ शकतो.

नोंदवही
इथे मी रंगरेषांच्या थोडा जवळ आहे. तो नियमित वापरत असेल तर अर्ज टाकून गप्प बसण्यापेक्षा, अर्ज झाल्यावर दुसऱ्या दिवशी लेखी समझोता करणं बरं: तो जेवणासाठी, तुम्ही पाकिटबंद मसाल्यासाठी. आधी जुन्यात जुनी पोस्ट शोधा आणि तारखेसकट इथे सांगा, मग ठरवू.

ठसका_सातारा
सहा पोस्ट सापडल्या, ओळ एकीतच आहे, तीही दिवाळीच्या फराळाच्या जाहिरातीत. गाडीवर किंवा मेनूवर काही दिसत नाही. उद्या नाशिकचे एक नातेवाईक त्याच्याकडचं जेवण मागवणार आहेत, डब्यावर आणि बिलावर काय छापलंय ते कळेल. तोपर्यंत सिलिंडरची ऑर्डर थांबवली आहे.